लाल शिक्का काढण्याच्या दोन रीती: लाल चॅनेल की रंगाचा मुखवटा?

स्कॅन केलेल्या पानावर मजकुराच्या मधोमध लाल रबरी शिक्का उमटलेला असेल आणि खालची काळी अक्षरे वाचायची किंवा ओसीआरला द्यायची असतील, तर सहसा दोन मार्गांपैकी एक निवडावा लागतो. पहिल्या मार्गात रंगीत चित्राचे लाल, हिरवे आणि निळे असे तीन चॅनेल वेगळे करून त्यांतील एकच करड्या छटांचे चित्र म्हणून वापरतात. दुसऱ्यात लाल दिसणारे पिक्सेल हुडकून त्यांचा मुखवटा बनवतात आणि तेवढाच भाग पांढरा करतात. या दोहोंची तुलना करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. शिक्का नाहीसा व्हावा म्हणून लाल चॅनेल ठेवायचा असतो आणि हिरवा व निळा टाकून द्यायचे असतात. अनेक जण नेमके याच्या उलट करतात आणि शिक्का आणखी गडद झालेला पाहून ही रीतच निरुपयोगी आहे असे ठरवून मोकळे होतात.

यामागचे कारण आकड्यांत स्पष्ट दिसते. समजा, नमुन्याच्या एका पानावर चार ठिकाणी पिक्सेलची मूल्ये अशी मिळाली आहेत. शेवटच्या रकान्यात नेहमीच्या पद्धतीने करड्या रंगात रूपांतर केल्यावर येणारे मूल्य दिले आहे.

| जागा | लाल | हिरवा | निळा | करडा |
|---|---|---|---|---|
| कोरा कागद | २४५ | २४३ | २३६ | २४३ |
| केवळ शिक्का | २०५ | ६० | ६८ | १०४ |
| केवळ अक्षर | ४० | ३८ | ४२ | ३९ |
| शिक्क्याखालचे अक्षर | ४८ | २२ | २६ | ३० |

लाल शाई लाल प्रकाश परत पाठवते आणि हिरवा व निळा शोषून घेते. त्यामुळे लाल चॅनेलमध्ये शिक्का कागदाच्या जवळ, म्हणजे २०५ वर जाऊन बसतो, तर हिरव्या चॅनेलमध्ये तो ६० वर येऊन अक्षरांत मिसळतो. काळी शाई मात्र तिन्ही रंग शोषत असल्यामुळे प्रत्येक चॅनेलमध्ये काळीच राहते. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण शिक्का अक्षरावर पडला तरी लाल चॅनेलमध्ये ते अक्षर ४८ वरच आहे. म्हणजे वाचकाला जिथे सर्वाधिक अडचण होते, तिथेच ही रीत सर्वांत भरवशाची ठरते.

प्रत्यक्ष कृती लहान आहे. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत ती एका ओळीत होते:

```
magick pan.png -channel R -separate +channel -level 20%,75% saaf.png
```

येथे `-level` चे काम असे की सुमारे ५१ च्या खालचे सर्व काही काळे आणि सुमारे १९१ च्या वरचे सर्व काही पांढरे होते. २०५ वरचा शिक्का त्यामुळे पूर्ण पांढरा होतो. ही पायरी गाळली तर शिक्क्याची फिकट करडी सावली उरते. जिम्पमध्ये हेच `Colors` मेनूतील `Components` खाली `Extract Component` निवडून आणि त्यात `RGB Red` घेऊन करता येते. त्यानंतर `Levels` वापरावे. पायथनमध्ये ओपनसीव्हीने काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे चॅनेलचा क्रम निळा, हिरवा, लाल असा उलटा असतो. लाल चॅनेल `img[:,:,2]` मध्ये मिळतो. शून्य क्रमांकाचा चॅनेल घेतला की शिक्का काळा दिसतो.

मुखवट्याची रीत दिसायला अधिक नेमकी वाटते, पण तिचे दुखणे टेबलच्या त्याच शेवटच्या ओळीत आहे. शिक्क्याखालच्या अक्षराचा रंग गडद असला तरी त्याची छटा लालच मोजली जाते आणि रंगाची संपृक्तता ५४ टक्के येते. ‘लाल आणि पुरेसा संपृक्त’ एवढीच अट ठेवली, तर हा पिक्सेलही पांढरा होतो आणि अक्षराला शिक्क्याच्या रेषेइतकी खाच पडते. उजळपणाची अट जोडून हे बरेचसे टाळता येते. तरीही शिक्क्याच्या फिकट गुलाबी कडा मुखवट्याबाहेर राहतात आणि पानावर पोकळ बाह्यरेषा उरते. ती पुसण्यासाठी मुखवटा दोन-तीन पिक्सेलने फुगवला, तर तो शेजारच्या अक्षरांच्या कडा खातो. ओपनसीव्हीत छटेचे चक्र ० ते १७९ असे असते आणि लाल रंग त्याच्या दोन्ही टोकांना विभागलेला असतो, म्हणून एकच पट्टा दिल्यास अर्धा शिक्का तसाच राहतो.

असे असले तरी मुखवटा पूर्णपणे बाद करण्याजोगा नाही. पानावर लाल अक्षरांतले शीर्षक असेल, किंवा रंगीत छायाचित्र रंगीतच राहायला हवे असेल, तर अख्ख्या पानावर लाल चॅनेल लावणे चुकीचे ठरते, कारण शीर्षकही शिक्क्याबरोबर नाहीसे होते. अशा वेळी मी मुखवटा वापरतो, पण त्यातले पिक्सेल पांढरे करत नाही. प्रत्येकाच्या तिन्ही चॅनेलमध्ये त्याचेच लाल मूल्य भरतो आणि नंतर तेवढ्याच भागाचे `Levels` ताणतो. शिक्का उजळतो, त्याच्याखालचे अक्षर ४८ वर काळे राहते आणि मुखवटा थोडा सैल असला तरी काळ्या अक्षरांचे नुकसान होत नाही. शीर्षक शिक्क्यापासून दूर असेल, तर मुखवट्याऐवजी शिक्क्याभोवती साधा चौकोन निवडला तरी चालते.

दोन्ही रीतींची एक समान मर्यादा स्कॅनच्या फाइलमध्येच दडलेली असते. जेपेगमध्ये उजळपणा पूर्ण तपशिलाने साठवला जातो, पण रंगाची माहिती बहुधा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मी केली जाते. त्यातून लाल चॅनेल पुन्हा जुळवला की शिक्क्याच्या कडांना करडी धूसर किनार येते आणि लहान अक्षरे डागाळतात. चित्र चारशे टक्के मोठे करून शिक्क्याची कड पाहिल्यास हे लगेच ओळखता येते. मूळ पान हाताशी असेल तर ते ३०० डीपीआयवर, रंगीत, पीएनजी किंवा टिफ स्वरूपात पुन्हा स्कॅन करणे हा खरा उपाय आहे. स्कॅन आधीच करड्या रंगात झाला असेल, तर चॅनेल उरलेलेच नसतात. १०४ वरचा शिक्का आणि फिकट छपाईची अक्षरे यांत तेव्हा फरक करता येत नाही.

शाईचा रंगही तपासावा. शिक्का जांभळा असेल आणि त्याचे लाल मूल्य ११० च्या आसपास असेल, तर लाल चॅनेलमध्ये तो ठळक राहतो. जिम्पमधील त्याच खिडकीत `HSV Value` निवडल्यास प्रत्येक पिक्सेलचा सर्वांत उजळ चॅनेल घेतला जातो आणि जांभळा शिक्काही बराच फिका पडतो. परंतु निळ्या शाईतली सही त्याच्याबरोबर फिकी होते, जी लाल चॅनेलमध्ये गडद राहिली असती. सही हवी असेल, तर या पर्यायापासून दूर राहावे. शिक्का गडद मरून आणि मजकूर पेन्सिलीचा किंवा कार्बन प्रतीचा असेल, तर दोघांची लाल मूल्ये १३० ते १५० च्या दरम्यान एकत्र येतात. तिथे शिक्का घालवणारी कोणतीही पातळी मजकूरही घालवते.

कागदपत्रे स्कॅन करणाऱ्या अनेक यंत्रांच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये लाल रंग गाळण्याची सोय असते. ती हेच काम स्कॅन करतानाच करते, त्यामुळे जेपेगची वर सांगितलेली किनार येत नाही. एकाच ठशाचे शेकडो अर्ज असतील, तर मी तीच निवडेन. एकटे पान असेल, किंवा शिक्का पुढे पुरावा म्हणून लागण्याची शक्यता असेल, तर नाही, कारण तिथे रंगीत मूळ कधी साठवलेच जात नाही. रंगीत स्कॅन जपून ठेवावा आणि लाल चॅनेलची प्रत केवळ वाचनासाठी वेगळ्या नावाने काढावी.