धारणी ते अमरावती: एसटीत मुलीच्या हाती कोणता गेम द्यायचा

धारणीहून अमरावतीला लालपरीने जायचं म्हणजे चार-साडेचार तास धरून चालायचे. हरिसाल, सेमाडोह करत परतवाड्यापर्यंतचा रस्ता मेळघाटातून जातो आणि त्यात रेंज येते-जाते, घाटात तर जातेच. माहेर अमरावतीला असल्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा ही वारी होते. सोबत आठ वर्षांची लेक आणि एकच फोन, तोही माझा. त्याच फोनवर बँकेचे मेसेज येतात आणि यूपीआय चालतं. म्हणून ‘कोणता गेम चांगला’ एवढाच प्रश्न माझ्यासाठी नव्हता. रेंज नसताना तो कसा वागतो आणि परतवाडा आलं, नेट परतलं की काय करतो, हे मला बघायचं होतं.

आधी एक घोळ सांगते, कारण पुढची सगळी तपासणी त्यातून आली. चित्र रंगवायचा एक गेम होता, नाव सांगत नाही. ‘तीन दिवस फुकट, मग आठवड्याला 149 रुपये’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं. निघायची गडबड होती, लेक मागे लागली होती, मीच यूपीआयचा पिन टाकला. प्रवास झाला, गेम काढून टाकला, विषय संपला असं मला वाटलं. पण तो पिन एका खरेदीचा नव्हता, ऑटोपेच्या परवानगीचा होता. अशी परवानगी एकदा दिली की पुढच्या हप्त्यांना 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा पिन विचारला जात नाही. पैसे कापायच्या आधी मेसेज येतो खरा, पण रिचार्जच्या मेसेजांच्या गर्दीत तो कोण वाचतं? आणि गेम डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. चार आठवडे म्हणजे 596 रुपये गेल्यावर लक्षात आलं. वर्षभर राहिलं असतं तर 7,748. बंद करायची जागा प्ले स्टोअरमध्ये आहे: वर आपल्या फोटोवर टॅप, मग `Payments & subscriptions`, मग `Subscriptions`. यूपीआय अ‍ॅपमध्येही ऑटोपेची यादी असते, तिथेही बघून घ्यावं.

आता तुलना. मी तीन तऱ्हेचे गेम बाजूबाजूला ठेवून बघितले: पळायचा फुकट गेम, म्हणजे सबवे सर्फर्स, लुडो किंग, आणि ज्यात जाहिरात नाही, विकायलाही काही नाही असे, म्हणजे लिचेस आणि सायमन टॅथम यांच्या कोड्यांचा संग्रह.

हे सगळे नेटशिवाय चालतात. पण ‘चालतात’ या शब्दावर जाऊ नका. घरी निघायच्या आदल्या दिवशी मी फोन विमान मोडवर टाकते, वायफायही बंद, गेम पूर्ण बंद करून नव्याने उघडते आणि पंधरा मिनिटं लेकीच्या हाती देते. मग उलटं करते: नेट सुरू ठेवून दोन मिनिटं खेळायचं आणि गेम बंद न करता विमान मोड लावायचा. दुसऱ्या वेळी एक-दोन जाहिराती तरीही दिसू शकतात. त्या नेट असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या असतात. म्हणजे स्टँडवर नेट सुरू ठेवून गेम उघडला तर हरिसालच्या पुढेही जाहिरात दिसू शकते. उपाय सोपा, गेम उघडायच्या आधीच विमान मोड.

या चाचणीत एक गोष्ट दिसली, ती मला आधी सुचली नव्हती. जाहिराती दोन तऱ्हेच्या असतात. एक आपणहून येते, डाव संपला की पडदाभर. दुसरी मूल स्वतः मागतं: ‘व्हिडिओ बघ आणि पुन्हा जिवंत हो’. घरी बसून वाटतं की दुसरी बरी, निदान जबरदस्ती नाही. बसमध्ये मात्र नेमकं उलटं होतं. नेट गेलं की ज्यात जाहिरात आपणहून येते तो गेम आपोआप स्वच्छ होतो, डावामागून डाव चालतो. ज्यात ती मागावी लागते तो गेम अडतो, कारण बटण समोर दिसतं पण दाबून काही होत नाही.

सबवे सर्फर्समध्ये पडल्यावर पुढे पळायला चावी लागते, नाहीतर जाहिरात बघायची. सेमाडोहच्या अलीकडे लेक म्हणाली, “काहून व आई, हे दाबलं तरी काहीच नाही होत? आता तर हजाराच्या वर गेली होती मी!” मी म्हटलं, नव्याने सुरू कर. नव्याने सुरू करता येतंच, गेम तिथे बंद पडत नाही. पण तिला ते हजार परत हवे होते. पुढचा अर्धा तास ‘तुझं नेट चालू कर ना’ ऐकण्यात गेला.

याच जातीत ‘लाइफ’वाले गेम येतात. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ असतात आणि गेलेली एक परत यायला 30 मिनिटं लागतात. पाचही संपल्या तर पूर्ण भरायला अडीच तास. धारणीला बसून सगळ्या संपवल्या तर परतवाडा येईपर्यंत मूल मधूनमधूनच खेळणार. कुणाला हा आराम वाटेल. माझ्या लेकीला तो छळ वाटतो आणि पर्यायाने मला.

लुडो किंगचं वेगळं. त्यात जाहिराती आहेत, दुकानही आहे, पण कॉम्प्युटरशी खेळायचा किंवा एकाच फोनवर आळीपाळीने खेळायचा डाव नेटशिवाय पूर्ण होतो आणि अर्ध्यात काही मागत नाही. फासा पडतो, सोंगटी सरकते, पुढच्याचा नंबर. दुसरा फायदा बसमध्ये बसल्याशिवाय कळत नाही: घाईने बोट फिरवायचं नसतं. खड्ड्यात बस आदळली की पळायच्या गेममध्ये बोट भलतीकडे जातं, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यातली ती मुगाएवढी फुली दाबायला गेलं तर हमखास जाहिरातच दाबली जाते. लुडोत धक्का बसला तर फार तर फासा टाकायला उशीर होतो. मात्र परतवाड्याला नेट सुरू केलं की जाहिराती परत येतात, तेव्हा अमरावतीपर्यंत विमान मोड काढू नये. कुणाचा फोन यायचा असेल तर फक्त मोबाइल डेटा बंद ठेवावा, कॉल येत राहतात.

तिसरी तऱ्हा. लिचेस म्हणजे बुद्धिबळ, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, आत विकत घ्यायला काही नाही. `Over the board` निवडलं की एकाच फोनवर दोघं खेळतात, खातंही लागत नाही. पण मुलीला घोडा कसा चालतो हेच माहीत नसेल तर बसमध्ये शिकवायला जाऊ नका, दोघींचीही चिडचिड होते. टॅथम यांच्या संग्रहात चाळीसच्या आसपास कोडी आहेत. प्ले स्टोअरवर `Simon Tatham's Puzzles` या नावाने शोधा. त्यातलं `Flood` माझ्या लेकीला पहिल्याच दिवशी जमलं: कोपऱ्यातून रंग पसरवत ठरलेल्या चालींत सगळा चौकोन एकरंगी करायचा. `Untangle` मध्ये गुंतलेल्या रेषा सोडवायच्या. दिसायला अगदी रुक्ष, ना गाणं ना नाणी, आणि सूचना इंग्रजीत. पहिली दहा मिनिटं “हे काय बोर आहे” ऐकायची तयारी ठेवा. सोबत बसून दोन कोडी सोडवून दिली तर मूल रमतं, नुसता फोन हातात दिला तर नाही.

आता पैशांचं. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच `Contains ads` आणि `In-app purchases` असं लिहिलेलं असतं. तिथे थांबू नका, कारण ‘3+’ हा वयाचा शिक्का आत काय आहे ते सांगतो, दुकान किती मोठं आहे ते नाही. माहितीच्या पानावर खाली जाऊन वस्तूंच्या किमतीचा पल्ला बघा. माझा अंदाज असा चालतो: एकच किंमत, शंभर-दोनशेच्या आतली, असेल तर बहुतेक एकदाच पैसे देऊन जाहिराती काढायच्या किंवा पूर्ण गेम उघडायचा. दहा रुपयांपासून हजारांपर्यंत पल्ला असेल तर आत नाण्यांचं किंवा हिऱ्यांचं दुकान आहे. अशी वस्तू वापरली की संपते आणि पुन्हा घ्यावी लागते, त्याला शेवट नाही. आणि ‘जाहिराती काढा’ विकत घेताना आधी वाचा. पुष्कळदा त्याने आपणहून येणाऱ्या जाहिराती जातात, ‘व्हिडिओ बघून बक्षीस’वालं बटण राहतंच. बसमधली आमची अडचण तर त्या बटणाचीच होती.

मूल परस्पर खरेदी करेल ही भीती यूपीआयमध्ये थोडी कमी, पिन लागतो. कार्ड जोडलेलं असेल तर ओटीपी त्याच फोनवर येतो आणि आठ वर्षांच्या मुलाला सहा आकडे वाचता येतात. प्ले स्टोअरमध्ये गिफ्ट कोडची शिल्लक असेल तर बँकेचा संबंधच नाही, पिन नाही की ओटीपी नाही. म्हणून प्ले स्टोअरच्या `Settings` मध्ये `Purchase verification` उघडून प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा (जुन्या फोनवर हे नाव थोडं वेगळं दिसतं). मग पासवर्ड मुलासमोर टाकू नका. आमच्याकडे फोन बोटाच्या ठशाने उघडतो आणि लेकीचंही बोट त्यात घातलेलं होतं, म्हणजे कुलूप लावून किल्ली तिच्याच हाती. ते बोट काढलं. चुकून खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परताव्याची विनंती करता येते. पैसे मिळतीलच असं नाही, पण त्यानंतर वाट अवघड होते.

मग निवडायचं काय? मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि शेजारी कुणी मोठं बसलेलं असेल तर लुडो, विमान मोडवर. सात-आठच्या पुढचं आणि थोडं एकटं रमणारं असेल तर टॅथमची कोडी. बुद्धिबळ येत असेल तर लिचेस, दुसरं काही बघायलाच नको. पळायचे गेम मी घरी देते, प्रवासात नाही. पैसे देऊन घ्यायचा गेम एकदाच किंमत देऊन पूर्ण मिळत असेल तर वाईट नाही, पण तो उतरवून, एकदा नेटवर उघडून आणि मग विमान मोडवर तपासूनच निघा. पैसे भरलेत हे गेम पहिल्यांदा नेटवरूनच ताडून बघू शकतो.

आणि घाट लागला की कोणताही गेम बंद. वळणांवर पडद्याकडे बघत राहिली की लेकीला उलटी होते, हे दोनदा पिशवी शोधता शोधता शिकले. सेमाडोह ते परतवाडा फोन माझ्या पर्समध्ये, खिडकी तिची.