बी.कॉम.नंतरचं ४२ हजारांचं सर्टिफिकेट

सोलापुरात गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात मी ॲडमिशन घेतलं. होटगी रोडला दुसऱ्या मजल्यावर क्लास, काचेचं दार, रिसेप्शनला टाय घातलेला मुलगा. बी.कॉम. होऊन सात महिने झाले होते. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात असतात, त्यामुळे 'पोरगा बँकेत लागावा' ही घरातली जुनी इच्छा. क्लासचं नाव लिहीत नाही. नाव बदलून तोच माल विकणारे पुढच्या चौकातही असतील.

कोर्सचं नाव भारदस्त होतं: 'सर्टिफाइड बँकिंग अँड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजर'. तीन महिने, फी ४२ हजार. "सरकारमान्य आहे का?" असं पप्पांनी विचारलं, तर मॅडमनी भिंतीवरच्या दोन फ्रेम दाखवल्या. एक आयएसओची, दुसरी उद्यम नोंदणीची. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. उद्यम नोंदणी म्हणजे 'माझा छोटा उद्योग आहे' असं मालकानं स्वतः ऑनलाइन भरून मिळवलेला कागद, हे मला नंतर कळलं. पिठाच्या गिरणीलाही ती मिळते. शिकवणं कसं आहे, सर्टिफिकेट कुठं चालतं, याच्याशी त्या दोन्ही फ्रेमचा काही संबंध नव्हता.

माहितीपत्रकात 'जेएआयआयबीची तयारी' असंही होतं. ऐकायला किती छान! पण जेएआयआयबी ही आयआयबीएफ या बँकिंगच्या संस्थेची परीक्षा आधीच बँकेत नोकरीला असलेल्यांसाठी असते. बाहेरच्या बी.कॉम.वाल्याला तिचा फॉर्मच भरता येत नाही. म्हणजे मला ज्या परीक्षेला बसताच येत नव्हतं, तिच्या तयारीचे पैसे मी भरले.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा झाली. क्लासच्याच हॉलमध्ये, क्लासनंच काढलेला पेपर, तपासणारे सरही तेच. मला ८७ टक्के. पेढे वाटले आम्ही.

मे महिन्यात नवी पेठेजवळच्या एका खासगी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखत होती. ती मी स्वतः शोधलेली; क्लासची 'हमखास प्लेसमेंट' म्हणजे विमा एजंट व्हा असा एक फोन होता. बँकेतल्या साहेबांनी माझं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे ठीक आहे. फाइव्ह-ए झालंय का?"

मला प्रश्नच कळला नाही. माणूस भला होता, त्यांनी पाच मिनिटं काढून समजावलं. बँकेच्या काउंटरवरून ग्राहकाला म्युच्युअल फंड विकायचा, तर विकणाऱ्या कर्मचाऱ्याकडे एनआयएसएम या संस्थेची सिरीज फाइव्ह-ए ही परीक्षा पास असल्याचं प्रमाणपत्र लागतं. मग बँकेच्या एआरएनखाली, म्हणजे वितरक म्हणून मिळालेल्या नोंदणी क्रमांकाखाली, त्याला विकणारा कोण ते सांगणारा स्वतःचा ईयूआयएन नंबर मिळतो आणि फॉर्मवर तो टाकावा लागतो. स्वतंत्रपणे वितरक व्हायचं तर तीच परीक्षा देऊन एआरएन आपल्या नावावर काढायचा. माझं सर्टिफिकेट या साखळीत कुठंच बसत नव्हतं. "हा नंबर तपासायचा कुठं?" असं त्यांनी खालच्या क्रमांकावर बोट ठेवून विचारलं. उत्तर एकच होतं, क्लासला फोन करून.

'ॲडव्हायजर' या शब्दाचंही तसंच. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबी या बाजार नियामकाची नोंदणी लागते. त्यासाठी एनआयएसएमच्याच टेन-ए आणि टेन-बी या दोन परीक्षा, आणि त्या पास झाल्या तरी नोंदणीचा अर्ज, अनामत वगैरे वेगळंच. म्युच्युअल फंड वितरकानं नोंदणी नसताना स्वतःला 'ॲडव्हायजर' म्हणवून घेणंसुद्धा सेबीला चालत नाही. माझ्या सर्टिफिकेटवर मात्र तो शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात होता. ते लावून मी दुकान थाटलं असतं तर मीच अडकलो असतो.

घरी येऊन फाइव्ह-एची माहिती काढली आणि डोक्याला हात लावला. मी भरली तेव्हा फी दीड हजार रुपये. १०० प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासाचं वर्कबुक एनआयएसएमच्या साइटवर फुकट उतरवता येतं. नोंदणी आपल्याच पॅन नंबरवर, आपल्याच लॉगिनमधून होते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. एनआयएसएम ही सेबीनंच उभी केलेली संस्था, त्यामुळे मान्यतेसाठी भिंतीवर फ्रेम शोधावी लागत नाही. कोणी 'आम्ही एनआयएसएमची परीक्षा घेतो' म्हणालं तर एवढंच विचारा, की माझ्या पॅनवर परीक्षेची नोंदणी कधी होणार आणि लॉगिन माझ्या हातात असणार का. आमच्या मॅडमना हे विचारलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता.

पण माझं खरं नुकसान फीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी झालं. ४२ हजारांपैकी ६ हजार रोख दिले होते. उरलेले ३६ हजार "बारा सोपे हप्ते, बिनव्याजी" असं मॅडम म्हणाल्या. माझ्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी विचारून घेतला, टॅबवर बोटानं सही घेतली. मला वाटलं हप्ते क्लासला जातात. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं ते. क्लासला त्यांचे पैसे आधीच मिळाले होते आणि कंपनीला मी दर महिन्याच्या ५ तारखेला ३ हजार देणं लागत होतो.

तीन हप्ते गेले होते. मुलाखतीच्या रागात मी खात्यात पैसे ठेवणं बंद केलं. मे आणि जूनचा हप्ता परत गेला. दोन्ही वेळा कंपनीनं दंड लावला, माझ्या बँकेनं वेगळा कापला. क्लासवाले म्हणाले, "कर्जाशी आमचा काय संबंध?" आणि क्लासशी माझं भांडण असलं तरी कंपनीचा हप्ता काही चुकत नव्हता. डिजिटल कर्जात सुरुवातीला थोडे दिवस 'कूलिंग ऑफ'चे असतात, त्यात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा आकार भरून बाहेर पडता येतं. ते दिवस मी वर्गात पहिल्या बाकावर बसून घालवले होते.

मामेबहीण सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या परीक्षेची तयारी करते. तिनं जाहिरात वाचून दाखवली. क्लार्क किंवा पीओसाठी पदवी पुरते, माझ्यासारख्या सर्टिफिकेटला तिथं एकही गुण नाही. पण रुजू होताना क्रेडिट हिस्ट्री नीट हवी, अशी अट मात्र आहे. "काय बे, बँकेत लागायचं म्हणून कर्ज काढलास, आणि त्याच कर्जानं बँक बंद होईल की," ती म्हणाली. मला त्या रात्री झोप आली नाही.

जूनअखेर पप्पांनी भिशी उचलली. उरलेले २७ हजार आणि दंड एकदम भरले. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. सोबत जोडला तो मॅडमचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज: 'बँकेत नोकरी नक्की'. तोंडी आश्वासनांचं काहीच सिद्ध करता आलं नसतं. चार आठवड्यांनी ८ हजार परत आले, ते घ्यावे की जिल्हा ग्राहक आयोगात जावं यावर घरात वाद झाला. आम्ही घेतले. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही हे तेव्हा माहीत असतं तर कदाचित घेतले नसते.

फाइव्ह-ए ऑगस्टमध्ये पास झालो, ७४ गुणांनी. पेढे नाही आणले. परवा सिबिलचा वर्षातला फुकटचा रिपोर्ट काढला. कर्ज 'बंद' असं दिसतंय, फक्त मे आणि जूनच्या चौकोनांत उशिराचे दिवस अजून तसेच आहेत.