मायग्रेनचा पाउच : इंदूर-पुणे प्रवासात काय कामी आलं, काय बाद झालं

माहेर पुण्याला, सासर इंदूरला, म्हणजे हा प्रवास काही चुकत नाही. कधी रात्रभराची रेल्वे, कधी सेंधवा-धुळ्यावरून गाडीने. मायग्रेन कॉलेजपासूनचा. गेल्या दिवाळीआधी डॉक्टरांशी बोलून प्रवासासाठी वेगळा पाउच भरला. थंडी आणि उन्हाळा त्याच्याबरोबर काढल्यावर लिहायला बसले आहे. गोळ्यांची नावं आणि डोस मला लिहून दिलेले आहेत, ते तसेच उचलू नका. माझ्या पाउचमधली मायग्रेन सुरू झाल्यावर घ्यायची ट्रिप्टान गटातली गोळी हृदयविकार किंवा ताब्यात नसलेलं बीपी असणाऱ्यांना चालत नाही.

आधी जागेचं सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मायग्रेन सुरू झाला की पोटाचं काम मंदावतं. मळमळ होते ती वेगळीच, पण गिळलेली गोळी पोटात नुसती पडून राहते आणि रक्तात उशिरा उतरते. म्हणून दुखणं हलकं असतानाच गोळी पोटात गेली पाहिजे. सीटखालच्या सुटकेसमध्ये, साड्यांच्या घडीत ठेवलेली उत्तम गोळी अशा वेळी बिनकामाची. रेल्वेत माझा पाउच उशाशी, खिडकीजवळच्या हुकाला टांगलेला असतो. गाडीत तो पायाशी असतो. डॅशबोर्डवर नाही, कारण मे महिन्यात ढाब्यावर उभी केलेली गाडी आतून भट्टी होते आणि बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर तीस किंवा पंचवीस अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं.

आत तीन पट्ट्या आहेत. पहिली नॅप्रोक्सेन ५०० आणि डोम्पेरिडोन १० यांची एकत्र गोळी. एक घटक दुखण्यावर, दुसरा मळमळीवर. दुसरी रिझाट्रिप्टान, तोंडात विरघळणारी. ही माझ्यासाठी ५ मिलिग्रॅमची आहे, १०ची नाही. मी मायग्रेन होऊ नये म्हणून रोज प्रोप्रॅनोलॉल घेते आणि त्याने रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ही गोष्ट औषधाच्या दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, तेव्हा दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना विचाराच. तिसरी पट्टी त्या रोजच्या प्रोप्रॅनोलॉलची, घरी परतायला एक-दोन दिवस उशीर झाला तरी पुरेल इतकी. ती एकदम बंद करायची नसते.

अंधारात, डोळे मिटून पट्टी ओळखता यावी म्हणून रिझाट्रिप्टानच्या पट्टीला रबरबँड लावलाय आणि नॅप्रोक्सेनचा एक कोपरा कात्रीने तिरका कापलाय. नाव आणि एक्स्पायरी छापलेली बाजू मात्र शाबूत ठेवते. गोळी घेतली की पट्टीवरच मार्करने वेळ लिहिते. दुखऱ्या डोक्याला ‘मघाशी’ म्हणजे अर्धा तास की तीन तास, हे कळत नाही, आणि दुसरा डोस घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

तोंडात विरघळणारी गोळी लवकर काम करते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. ती जिभेवर विरघळली तरी रक्तात जाते ती पोटातूनच, आणि साध्या गोळीपेक्षा किंचित सावकाशच. तिचा फायदा एवढाच की पाण्याचा घोट नकोसा वाटत असतानाही घेता येते. ती ओलाव्याने लगेच खराब होते, म्हणून आधीच सोडवून डबीत भरून ठेवायची नाही.

एप्रिलमधली गोष्ट. आम्ही सकाळी गाडीने निघालो. मानपूरच्या पुढे मला एकामागून एक जांभया सुरू झाल्या, मान आखडली. झोप नीट झाली होती, म्हणजे हे तेच. खलघाटला नर्मदेच्या पुलाच्या आसपास नजरेच्या डाव्या बाजूला दुखण्याआधीची नागमोडी चकाकती रेघ दिसायला लागली. यांना म्हटलं, “पुढे सावली दिसली की थांबा.” अर्धी दशमी खाल्ली, कारण नॅप्रोक्सेन रिकाम्या पोटी घेतलं की मला जळजळते, आणि मग ती गोळी घेतली. रिझाट्रिप्टान लगेच घेतली नाही. ती चकाकी दिसत असताना घेऊन फारसा फायदा होत नाही. दुखणं सुरू होताच घ्यायची असते. रेघ विरली आणि वीसेक मिनिटांत उजव्या कपाळात ठोके पडायला लागले, तेव्हा जिभेवर ठेवली. सेंधव्यापर्यंत सीट मागे करून डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहिले. बिजासन घाटाची वळणं सुरू झाली तेव्हा मळमळ होती, उलटी झाली नाही. शिरपूरला चहा मागितला, यावरून हे समजले की बाई शुद्धीवर आल्या.

काळ्या चष्म्याबद्दल माझं मत बदललंय. रस्त्यावर तो हवाच, आणि कडेने उजेड आत न येऊ देणारा, पोलराइज्ड असेल तर उत्तम. ऊन नुसतं प्रखर असण्यापेक्षा झाडांमधून लुकलुकणारं ऊन मला जास्त त्रास देतं. रेल्वेत खिडकीशी तर खांब आणि सावल्या सतत डोळ्यांवरून सरकत असतात. पण डब्यात ट्यूबलाइटखाली तासन्‌तास तोच काळा चष्मा घालून बसू नये. डोळे अंधाराला सरावतात आणि नंतर साधा उजेडही बोचायला लागतो. रात्री डोळ्यांवर बांधायची कापडी पट्टी पुरते, आणि दिवसा पडदा.

पाण्याची अडचण बायकांना सांगायला नको. रेल्वेतलं किंवा वाटेतलं स्वच्छतागृह टाळण्यासाठी आपण पाणी कमी पितो आणि चौथ्या-पाचव्या तासाला त्याची किंमत मोजतो. मी आता एक लिटरची बाटली दुपारपर्यंत संपवायची असं ठरवूनच निघते, घोट घोट. ओआरएसची पुडी असते, पण ती उलटी झाली तरच. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, कमी पाण्यात दाट करून नाही.

खाणं साधं. दशमी, भाजलेले चणे, एक केळं. सासूबाई दर वेळी लसणाची शेव आणि मिरची भरून देतात, ती मी बाकीच्यांना देते. खाण्याची वेळ चुकवायची नाही, एवढंच पथ्य मला लागू पडलं. चीज, चॉकलेट बंद करून काही फरक पडला नाही. तुमचं वेगळं असू शकतं.

बाद झाल्या दोन गोष्टी. डोक्याला लावायचा उग्र बाम, कारण त्याच वासाने मळमळ वाढते. बंद डब्यात तर शेजारच्यांनाही सोसावा लागतो. आणि टॅक्सीचा सुगंधी डबा. तो माझ्या पाउचमधला नाही, पण आता गाडी ठरवतानाच “वासाचं काही लावू नका” असं सांगून ठेवते. एका चालकाने हो म्हणून तरी लावलाच होता. एसी बंद करून काचा खाली कराव्या लागल्या.

पाउचमध्ये एक कागदही असतो, औषधांची नावं आणि घरच्यांचे नंबर लिहिलेला. मुलाला सांगून ठेवलंय की माझं नेहमीचं दुखणं कसं असतं. पण क्षणात आलेलं, कधीच न झालेलं इतकं तीव्र दुखणं, ताप आणि ताठलेली मान, किंवा हात-पाय लुळे पडणं असं काही दिसलं, तर पाउच उघडत बसायचं नाही. रेल्वेत १३९ लावायचा, रस्त्यावर असलो तर सरळ जवळचं इस्पितळ.

गोळ्यांचा हिशेब महिन्याच्या कॅलेंडरवर ठेवते. ट्रिप्टान महिन्यात दहा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, असं महिनोन्‌महिने चाललं तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. जानेवारीत लग्नांच्या धावपळीत आकडा वर चढलेला दिसला, तेव्हा डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलचा डोस वाढवून दिला.