तिन्ही ओरिजिनल बँकेत आणि माल गायब

हिंगणा एमआयडीसीत माझं मसाल्याचं छोटं युनिट आहे. कळमन्यातून मिरची उचलायची, दळायची आणि विदर्भातल्या दुकानांना पुरवायची, एवढाच आमचा धंदा. एक्सपोर्टचं खूळ डोक्यात शिरलं ते आखातातल्या एका व्यापाऱ्याची चौकशी आली म्हणून. सॅम्पल पसंत पडलं, भाव ठरला आणि वीस फुटी एका कंटेनरची ऑर्डर आली. एकूण 25,000 डॉलर. त्यातले 5,000 आगाऊ, बाकीचे 20,000 कागद बँकेतून सोडवून घेताना द्यायचे. म्हणजे कागद बँकेच्या ताब्यात, पैसे भरल्याशिवाय ते त्याला मिळणार नाहीत आणि कागदाशिवाय माल सुटणार नाही. मला हे पक्कं कुलूप वाटलं.

सौदा न्हावा शेवा एफओबी होता, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च माझा. जहाजाचं भाडं खरेदीदार भरणार, त्यामुळे फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट, तोही त्याचाच. भाडं वाचलं म्हणून मी खूश झालो. फॉरवर्डर मुंबईचा. बोलायला गोड, फोन केला की दुसऱ्या रिंगला उचलणारा.

माल भरला त्या दिवशी मी स्वतः पेट्या मोजल्या. 10 किलोच्या 1,000 पेट्या. नेट वजन 10,000 किलो आणि पुठ्ठा, आतली पिशवी धरून पेटीमागे 10.6 किलो, म्हणजे ग्रॉस 10,600. पॅकिंग लिस्ट मी दोनदा तपासली. पेट्यांवरचे मार्क, बॅच नंबर, सगळं जागच्या जागी. फॉरवर्डर म्हणाला, "साहेब, टायपिंग लवकर होतं, एक्सेल फाइलच पाठवा ना." पाठवली. इन्व्हॉइसचीही पाठवली. आज कोणी मागितली तर सही-शिक्क्याची पीडीएफ देईन. कोणीही नाव बदलून परत छापावी अशी फाइल देणार नाही.

कंटेनर अजनीच्या आयसीडीतून, म्हणजे कोरड्या बंदरातून, रेल्वेने न्हावा शेव्याला निघाला आणि बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट आला. हाच बीएल, ज्यावर तिकडे माल सुटतो तो कागद. पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून मी पट्टी धरून ओळ न् ओळ जुळवली. ग्रॉस वजनाच्या जागी 10,000 छापलं होतं. मी चूक पकडली, दुरुस्त करून घेतली. फॉरवर्डर म्हणाला, "तुम्ही तर जुने एक्सपोर्टर वाटता!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कन्साइनी, म्हणजे माल कोणाला द्यायचा, त्या चौकटीत 'टू ऑर्डर' लिहिलेलं होतं, म्हणजे मी पाठीवर सही करून कागद ज्याच्या हाती जाईल त्याला माल. तेच हवं होतं, कारण तिथे खरेदीदाराचं नाव थेट घातलं तर काही देशांत तो मूळ बीएल न दाखवताही माल सोडवून घेऊ शकतो. समोरच्या बँकेचं नावही तिला आधी विचारल्याशिवाय घालायचं नसतं, हे आमच्या बँकेने सांगितलं होतं. एवढं कळलं म्हणून मला वाटलं सगळंच कळलं. पण मी वाचल्या त्या वरच्या चौकटी आणि मधले आकडे. खालच्या दोन चौकटींकडे पाहिलंच नाही.

उजवीकडे खाली सहीची जागा. शिपिंग लाइनच्या बीएलवर सही लाइनची असते किंवा तिच्या एजंटची, आणि 'ॲज एजंट फॉर द कॅरिअर' याच्यापुढे त्या लाइनचं नाव असतं. माझ्या कागदावर कॅरिअर म्हणून एका भलत्याच कंपनीचं नाव होतं, जिचं एकही जहाज नाही. म्हणजे तो हाऊस बीएल होता, फॉरवर्डरच्या बाजूने काढलेला. लाइनने काढलेला खरा मास्टर बीएल वेगळा. त्यात शिपर, म्हणजे माल पाठवणारा, म्हणून फॉरवर्डर, कन्साइनी म्हणून तिकडचा त्याचा एजंट. त्याची मूळ प्रत इथेच लाइनकडे सरेंडर झालेली, म्हणजे तिकडे माल उचलायला मूळ कागदच लागणार नव्हता. माझ्या हातातला 'टू ऑर्डर' बंदरावर कोणी विचारणारच नव्हतं.

दुसरी चौकट 'डिलिव्हरीसाठी संपर्क' अशा अर्थाची. त्यात तिकडच्या एजंटचं नाव आणि पत्ता. आखातात पत्त्यात पोस्ट बॉक्स नंबर असतो. एजंटचा नंबर आणि खरेदीदाराच्या परचेस ऑर्डरवरचा नंबर एकच होता! दोन बोटांच्या अंतरावर, वरच्या नोटिफाय पार्टीच्या, म्हणजे माल पोहोचल्याचं ज्याला कळवायचं त्याच्या, चौकटीतही तोच. तीन ठिकाणी एकच नंबर आणि मी वजनं जुळवत बसलेलो.

बीएलच्या तिन्ही ओरिजिनलच्या पाठीवर सही-शिक्का करून मी कागद बँकेत दिले. जहाज पोहोचून बरेच दिवस झाले, तरी तिकडची बँक म्हणे खरेदीदार कागद घ्यायला आला नाही. तो मला मेसेज करत होता, "कस्टमला वेळ लागतोय." कस्टमचं काम बघणाऱ्या, इतवारीतल्या आमच्या सीएचए काकांकडे गेलो. ते म्हणाले, "बीएल नंबर टाकून काहून पाहून राहिला बे? कंटेनर नंबर टाक."

बीएल नंबर लाइनच्या साइटवर सापडतच नव्हता, आणि ते मी साइटचा दोष समजलो होतो. हाऊस बीएलचा नंबर तिथे सहसा सापडत नाही. चार अक्षरं आणि सात आकड्यांचा कंटेनर नंबर टाकला, तर शेवटची ओळ होती 'एम्प्टी रिटर्न'. कंटेनर रिकामा होऊन परतसुद्धा गेला होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कस्टमचं शिपिंग बिल भरलं, बीएल मला कोणी दाखवलाच नाही." खरं होतं. पाचशे रुपयांचं पेट्रोल जाळून इतवारीत दाखवायला जायला हवा होता, मी गेलो नाही.

लाइनने सरळ कळवलं की त्यांनी मास्टरप्रमाणे डिलिव्हरी दिली, त्यांचा करार माझ्याशी नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. दावा हाऊस बीएल काढणाऱ्यावर लावायचा, आणि ती कंपनी कागदापुरती, देशाबाहेरची. फॉरवर्डरचा फोन बंद. भारतात रेल्वे आणि जहाज अशा बहुविध वाहतुकीचा कागद काढायला 1993 च्या कायद्याखाली नौवहन महासंचालनालयाची एमटीओ, म्हणजे बहुविध वाहतूकदाराची, नोंदणी लागते. त्याच्या लेटरहेडवर तो नंबर नव्हता, आणि मी कधी मागितलाही नव्हता.

हाऊस बीएल म्हणजे फसवणूकच, असं नाही. पाच-दहा पेट्या दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमधून पाठवल्या तर हाऊसच मिळतो, आणि हजारो लोक त्यावर प्रामाणिक धंदा करतात. अडचण तेव्हा, जेव्हा पूर्ण कंटेनर तुमचा, पैसे बाकी आणि फॉरवर्डर समोरच्याने नेमलेला. अशा वेळी मास्टर बीएलच मागा, शिपर म्हणून तुमचं नाव घातलेला, 'टू ऑर्डर'. हे परचेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या, कारण कंटेनर निघाल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही. खरेदीदार नाही म्हणाला तर उरलेली रक्कम माल भरायच्या आधी घ्या, नाहीतर भाडं तुम्ही भरा आणि फॉरवर्डर तुमचा नेमा. आखातापर्यंतचं भाडं माझ्या बुडालेल्या पैशांपुढे काहीच नव्हतं.

बुडाले साधारण 17 लाख. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. निर्यातीचे पैसे आले का ते पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये माझं शिपिंग बिल अजून उघडं दिसतं, कारण पैसे आल्याशिवाय ते सहसा मिटत नाही आणि बँक दर थोड्या दिवसांनी पत्र पाठवते. तिकडच्या बँकेने कागद परत केले. तिन्ही ओरिजिनल घरी कपाटात आहेत, पाठीवर माझ्या सहीसकट.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका खरेदीदाराचा ड्राफ्ट आला. काकांनी तो माझ्यासमोर उलट्या बाजूने वाचला, आधी सही, मग डिलिव्हरी एजंट, मग नोटिफाय पार्टी. वजनाच्या आकड्यावर बोट ठेवलं ते सगळ्यात शेवटी.