गोठ्यातील पाइपलाइनसाठी पितळ, स्टेनलेस की माइल्ड स्टील?

दुग्धव्यवसायाचा गोठा बांधताना दोन ठिकाणी धातूची निवड करावी लागते : जनावरांच्या पाण्याच्या लाइनवरील नट व जोड आणि भांडी धुण्यासाठी ७०–८० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी साठवणारी टाकी. दोन्हींसाठी एकच धातू वापरण्याचा मोह होतो, पण स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि गंज यांच्या संयोगाने पडणारा तडा, हे त्याविरुद्धचे ठोस कारण आहे.

हा तडा पडण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी हजर असाव्या लागतात : त्या रसायनाला बळी पडणारा धातू, नेमके ते रसायन असलेले वातावरण आणि धातूत असलेला ओढीचा ताण. तो ताण बाहेरच्या भारामुळेच येतो असे नाही; थंड अवस्थेत ओढलेल्या, वाकवलेल्या किंवा वेल्ड केलेल्या धातूत तो आतच साठून राहतो आणि पुरेसा ठरतो. तिन्हींपैकी एक काढली की तडा थांबतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी कोणती गोष्ट काढणे सोपे आहे ते पाहावे.

पितळेचा शत्रू अमोनिया आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि हवेतला ओलावा यांमुळे ते घडत होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. गोठ्यात तीच हवा असते. यंत्रावर कातलेल्या स्वस्त पितळी जोडात जस्त साधारण ४० टक्के असते, तर धोका सुमारे १५ टक्क्यांच्या वर लक्षणीय वाढतो. फिटरने निमुळत्या आट्यांचा जोड लांब पान्याने अवाजवी आवळला, की बाहेरच्या नटाच्या परिघावर ओढ बसते आणि काही काळानंतर नट लांबीच्या दिशेने उभा फाटतो. भिंत झिजलेली नसते, फुगवटा नसतो, भंगाचे पृष्ठ ठिसूळ दिसते. बहुतेक लोक त्याला खराब माल म्हणून फेकतात आणि तसाच नट पुन्हा बसवतात.

या जागी पितळच वापरायचे झाले, तर २५०–३०० अंशांवर साधारण तासभर तापवून ताण काढलेला माल घ्यावा. मात्र आवळण्याचा ताण त्यानेही जात नाही, म्हणून जोड अति आवळू नये. त्यापेक्षा थोडेच जस्त असलेले गनमेटल किंवा स्टेनलेस ३०४ योग्य, कारण साध्या तापमानाच्या पाण्यात आणि गोठ्यातल्या अमोनियाने ३०४ तडकत नाही.

गरम पाण्याच्या टाकीत मात्र चित्र उलटे होते. ३०४ चा शत्रू क्लोराइड असून सुमारे ६० अंशांच्या वर धोका झपाट्याने वाढतो. बोअरचे पाणी, सांडलेले ब्लीच, इन्सुलेशनखाली झिरपलेले पाणी, यांतले क्लोराइड गरम भिंतीवर बाष्पीभवनाने साठत जाते. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत आकडा कमी आला तरी निर्धास्त राहता येत नाही. वेल्डशेजारी फांद्या फुटलेले केसासारखे तडे दिसतात. स्टेनलेस ३१६ घेतले की प्रश्न सुटला, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते तडा पुढे ढकलते, टाळत नाही. वेल्ड केलेल्या टाकीतला ताण काढण्यासाठी लागणारे उच्च तापमान टाकी वाकडी करते, म्हणून तो मार्ग व्यवहार्य नाही. येथे धातूच बदलावा : फेरिटिक ४४४ किंवा डुप्लेक्स २२०५ या जातीचे स्टेनलेस. यांत निकेल जवळजवळ नसते किंवा कमी असते आणि सुमारे ८ ते १० टक्के निकेल असलेले स्टेनलेसच सर्वाधिक बळी पडते; ३०४ मध्ये निकेल तेवढेच असते. ३०४ आधीच बसवली असेल, तर पाणी ६० च्या खाली ठेवावे आणि इन्सुलेशन कोरडे राहील असे बघावे.

तापमान कमी म्हणजे पूर्ण सुरक्षितता, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये बंदिस्त जलतरण तलावाचे छत स्टेनलेसचे आधार तडकल्याने कोसळले आणि १२ जण दगावले. तिथे तापमान कमी होते, पण क्लोरीनयुक्त वाफा त्या आधारांवर सतत साठत होत्या. गोठ्यात ब्लीचची वाफ कोंडत असेल, तर भार पेलणारे ३०४ चे टांगणे लावू नयेत.

माइल्ड स्टीलला गोठ्यात यांतले भय नाही. ते तडकते ते गरम कॉस्टिक, नायट्रेट किंवा निर्जल अमोनियात. शेवटच्या बाबतीत टाक्यांमध्ये सुमारे ०.२ टक्के पाणी मुद्दाम मिसळले की तडा रोखला जातो, म्हणजे पितळेला मारणारा ओलावा इथे स्टीलला वाचवतो. गोठ्यात ते फक्त गंजते, पातळ होत जाते आणि गळती दाखवून सूचना देते. जिथे दरवर्षी रंगकाम शक्य आहे त्या भार वाहणाऱ्या सांगाड्यासाठी मी गॅल्व्हनाइज केलेले माइल्ड स्टील निवडेन, पाण्याच्या थंड लाइनवर ३०४ चे जोड आणि गरम टाकीला ४४४.