सील-इन कुठून घ्यायचा: आउटपुटच्या बिटवरून की कॉन्टॅक्टरच्या १३-१४ वरून?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत पॅनेल करणाऱ्यांमध्ये हा वाद नेहमीचा. दोन्हीत लाइन तीच, फरक फक्त खालच्या ब्रँचमध्ये.

```
  I0.0      I0.1         Q0.0
--| |---+---| |----------( )--
  Q0.0  |
--| |---+
```

I0.0 स्टार्ट, I0.1 स्टॉप. स्टॉपचं बटण वायरिंगला एनसी, म्हणजे न दाबता इनपुट १, म्हणून लॅडरमध्ये एनओचंच चिन्ह येतं, आणि वायर तुटली तरी मोटर थांबते. हे उलटं करू नका, प्लीज.

दुसऱ्या पद्धतीत ब्रँचमध्ये Q0.0 च्या जागी I0.2 टाकायचा आणि त्यावर कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी एनओ, १३-१४, आणायचा. एक इनपुट आणि दोन वायरी जास्त लागतात, बस.

आता ५ एचपीचा पंप घ्या. ओव्हरलोडचा ९५-९६ सरळ कॉइलच्या सिरीजमध्ये, पीएलसीला त्याची खबरच नाही, आणि रिले ऑटो रिसेटवर. पंप जॅम झाला, ओव्हरलोड ट्रिप, कॉन्टॅक्टर सुटला. बिटवाल्या सील-इनमध्ये Q0.0 तरी ऑनच राहतो, मग बायमेटल थंड होऊन ९५-९६ परत जुळला की पंप आपोआप सुरू, आणि नेमका तेव्हा फिटर कपलिंग उघडून बसलेला असू शकतो. लाइट क्षणभर झपकली तरी तेच होतं, पीएलसी एसएमपीएसवर तग धरतो, कॉन्टॅक्टर सुटून परत ओढतो. १३-१४ वाल्यात कॉन्टॅक्टर सुटला की सील तुटला, पुन्हा स्टार्ट दाबावंच लागतं. म्हणून एकट्या पंपाला, पॅनेलवर बटणं असतील, तर मी १३-१४ च घेईन.

पण त्यातही खोट आहे. I0.2 कुठल्याही कारणाने १ वर अडकला तर स्टॉप सोडल्यासोबत मोटर परत चालू होते, हे जास्त वाईट. आणि स्टार्ट एचएमआयवरून एकाच स्कॅनच्या पल्सने येत असेल तर कॉन्टॅक्टर ओढायच्या आत पल्स संपलेला असतो, मोटर धरतच नाही.

तिथे सील-इन बिटवरूनच घ्या, पण I0.2 सुद्धा आणा: Q0.0 ऑन असून साधारण १ सेकंद I0.2 आला नाही तर टायमरने फॉल्टचा बिट सेट करायचा, तो लाइनमध्ये एनसी टाकायचा आणि रिसेट बटणानेच सोडवायचा. झपकी एका सेकंदाहून छोटी असेल तर मात्र हा टायमर ती पकडत नाही, हे लक्षात असू द्या.

जुन्या पॅनेलमध्ये काय केलंय ते बघायचं असेल तर मोटर मोकळी फिरत असताना, जवळ कुणी नाही हे पाहून, ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबा आणि मग रिसेट करा. स्टार्टला हात न लावता मोटर फिरली तर सील-इन बिटवरून आहे.