कानाला ऐकू येत नव्हतं, आणि डोळ्यांनाही दिसलं नाही: ₹३,५४९ चा धडा

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे जे हसायचं ते हसून घ्या. तीन हजार पाचशे एकोणपन्नास रुपये. चोरीला गेले नाहीत, कुणी लिंक पाठवून काढून घेतले नाहीत. मी स्वतःच्या हाताने, दुकानात उभी राहून, "थँक्यू दादा" म्हणत दिले. कशासाठी, तर फोनवर समोरच्याचा आवाज बारीक येत होता म्हणून.

मी घरून डबे देते, सणासुदीला पुरणपोळीच्या ऑर्डर घेते. ऑर्डर सगळ्या फोनवर. यंदा होळीच्या दोन दिवस आधी एका नेहमीच्या बाईंनी साठ पोळ्या सांगितल्या आणि मला ऐकू आलं सात. मी सात केल्या. त्या बाई दारात उभ्या, घरी पाहुणे, आणि माझ्या हातात एवढासा डबा. ₹३० च्या हिशोबाने ₹१,८०० ची ऑर्डर गेली, आणि बाई तर गेल्याच. हे मुद्दाम सांगतेय, कारण "एवढं काय तपासलं नाहीस?" असं विचारणाऱ्यांना कळावं की मी कुठल्या मनःस्थितीत दुकानात शिरले.

फेब्रुवारीत याच दुकानात मी ₹१९९ देऊन टेम्पर्ड ग्लास लावून घेतली होती. माझ्या मॉडेलची काच त्याच्याकडे नव्हती. "काकू, सगळ्यांना एकच साइज असते," असं म्हणत त्याने दुसऱ्या कुठल्या तरी मॉडेलची बसवली. आता लिहिताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. हल्लीच्या फोनमध्ये कानाजवळचा स्पीकर म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला असलेली केसासारखी फट. काच दोन मिलिमीटर वर सरकली तरी ती फट झाकली जाते. माझी अर्धी झाकली होती, आणि उरलेल्या अर्ध्या भागात काचेच्या कडेचा चिकट गोंद. त्यावर माझे पिठाचे हात. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

होळीनंतर दुसऱ्या दिवशी फोन घेऊन गेले. त्याने काय केलं ते नीट वाचा, कारण माझी चूक इथे आहे आणि मी रोज रात्री इथेच येऊन थांबते. त्याने आधी काच काढली. मग कुणाला तरी फोन लावला, फोन *स्वतःच्या* कानाला लावला, दोन क्षण ऐकलं आणि मान हलवली. "नाही काकू. इअर स्पीकर गेला. ऑडिओ आयसी, म्हणजे आवाजाची चिप, तीपण गेलेली दिसतेय."

फोन माझ्या कानाला लावलाच नाही. आणि मी मागितला नाही! काढलेली काच काउंटरवर उलटी पडली होती, तिच्या वरच्या कडेला मेणासारखी पिवळट-करडी पट्टी होती. मला ती दिसली. दिसली, आणि मनात विचार काय आला, तर "शी, किती घाण झालीय." पोळपाटावर कणकेचा एक कण राहिला तर मला चैन पडत नाही, आणि इथे आवाजाच्या तोंडावर गच्च बसलेला मळ बघून मी पर्स उघडली.

इअर स्पीकर ₹८५०, आयसी ₹१,२००, मजुरी ₹३००. एकूण ₹२,३५०. "नवीन काच तुम्हाला फ्री." फोन पडद्याआड नेला आणि चाळीस मिनिटांत परत आणला. काच लावण्याआधी मला ऐकवलं. खणखणीत आवाज! मग काच लावली. नवी, पण पुन्हा तशीच चुकीच्या मापाची. मी पैसे देऊन, समाधानाने घरी.

घरी आवाज जरा कमी वाटला. म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या असतील. चार दिवसांत पुन्हा "हॅलो, जरा मोठ्याने बोला" सुरू झालं. मी आवाजाचं बटण दाबून दाबून दमले. इथे माझा अडाणीपणा कबूल करते: मी बटण दाबत होते कॉल चालू नसताना. त्याने गाण्यांचा, व्हिडिओचा आवाज वाढतो. कॉलचा आवाज वेगळा असतो, तो कॉल चालू असतानाच वाढवायचा. शिवाय कानाच्या स्पीकरचा वेगळा आणि ब्लूटूथचा वेगळा. पण खरं सांगते, कॉल चालू असताना तो शेवटपर्यंत वाढवला तरी माझा त्रास तसाच होता, म्हणून मला वाटलं की बिघाड खराच आहे. त्या माणसाचं फावलं ते इथेच.

दहा दिवसांनी पुन्हा गेले. यावेळी "फ्लेक्स", म्हणजे आतली जोडणीची पातळ पट्टी, गेला होता. ₹१,८०० लागतील, पार्ट मुंबईहून येणार, ₹१,००० आधी द्या. दिले. पावती मागितली तर म्हणाला, "काकू, तुम्ही घरच्याच आहात." घरच्या माणसाला पावती देत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

गुढीपाडव्याला माझा भाचा आला. तो मोबाइल दुरुस्तीच शिकलाय, दुसऱ्या शहरात काम करतो. जेवताना मी रडगाणं गायले. त्याने श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मावशी, स्पीकरवर टाकलं की आवाज येतो का?" येतो, दणकून येतो. "आणि हेडफोनमध्ये?" येतो. "मग नेटवर्क ठीक आहे, समोरच्याचा माईकही ठीक आहे. आयसी गेला असता तर सहसा मोठा स्पीकर, रेकॉर्डिंग, सगळंच बोंबललं असतं." मग त्याने नखाने काचेचा वरचा कोपरा उचलला आणि जुन्या कार्डाच्या कडेने काच सरकवून काढली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक आवाजी निरोप लावून फोन माझ्या कानाला धरला. कानाजवळ नेला की तो निरोप कानाच्या स्पीकरमधून वाजतो, त्यामुळे कुणाला फोनही लावावा लागत नाही. आवाज परत आला होता. पूर्ण नाही, पण बराच.

उरलेला मळ जाळीत होता. त्याने फोन पालथा धरला, म्हणजे घाण आत न जाता खाली पडेल, आणि कोरड्या, मऊ, नव्या टूथब्रशने हलक्या हाताने ती फट दोन-तीन मिनिटं झाडली. मग चिकटपट्टीचा तुकडा हळूच दाबून उचलला. त्यावर पिठाची रेघ आली. पाणी नाही, स्पिरिट नाही. टाचणी तर चुकूनही नाही. जाळीमागे कागदासारखा पातळ पडदा असतो, तो फाटला की मग मात्र स्पीकर खरोखर बदलावा लागतो. मी टाचणीने एकदा टोचून बघणार होते, तेवढं एक पाप वाचलं.

यानंतर जे झालं त्याने माझं डोकंच फिरलं. मला विचारून भाच्याने मागचं झाकण उघडलं. आत एका स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का होता, अखंड. तो फाडल्याशिवाय वरची पट्टी निघत नाही आणि पट्टी निघाल्याशिवाय माझ्या फोनचा स्पीकर हाती येत नाही. म्हणजे ₹८५० चा स्पीकर बदललाच नव्हता. आयसी तर सोडाच. तो गरम हवेने काढून नवा बसवायचा असतो, चाळीस मिनिटांत पडद्याआड सहसा उरकत नाही. त्या चाळीस मिनिटांत फार तर जाळी झाडली असेल आणि चहा प्यायला असेल.

स्पीकर खरा झिजतोच, हेही लिहिते, नाहीतर कुणीतरी चांगला फोन समजून बिघडलेला वापरत बसेल. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या फोनचा खरंच गेला होता. पण त्याची लक्षणं वेगळी होती: आवाज मोठा केला की फाटायचा, खरखरायचा, आणि फोन वरच्या बाजूला दाबला की मध्येच यायचा, मध्येच जायचा. आवाज स्वच्छ आहे पण लांबून येतोय, जणू उशीखालून, तर आधी काच आणि जाळीवर संशय घ्या. सासऱ्यांचा बदलणाऱ्या माणसाने ₹३५० घेतले आणि जुना पार्ट हातात दिला. जुना पार्ट मागा. देत नसेल तर फोन उचला आणि निघा.

दुकानदाराकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, फोन बाहेर उघडलात ना? मग गॅरंटी गेली." हजारही परत नाहीत, "पार्ट निघालाय." अजून निघालेलाच आहे.

मग पोलीस चौकी. दीड तास बाकावर. साहेबांनी विचारलं किती, मी सांगितलं, आणि त्यांनी शेजारच्याकडे बघून असं हसू दाबलं की मला आपणच चोर असल्यासारखं वाटलं. "हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." ग्राहकवाल्यांच्या कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून "आज साहेब नाहीत". दुसऱ्या दिवशी डबे लवकर आटपून गेले तर "पक्कं बिल आणा". अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेली आहे, मी कागदावर उतरवून नेलं होतं. टेबलावरच्या माणसाने तो कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा पैशासाठी कुठे फिरताय उन्हात?" एवढेसे! एक पोळी ₹३० ला जाते, हिशोब तुम्हीच करा किती लाटाव्या लागतात. आणि त्यात माझा फायदा ₹३० नसतो. ज्याला पगार पहिल्या तारखेला येतो त्याला एवढेसेच वाटणार. तिसऱ्या खेपेला तिथे अर्जाचा नमुना संपला होता. चौथ्या खेपेला झेरॉक्सचं मशीन बंद.

शेवटी ज्याचा उपयोग झाला ते माझं शहाणपण नाही, योगायोग आहे. दोन्ही वेळा पैसे यूपीआयने गेले होते, आणि दुसऱ्या वेळी मी सवयीने टीप लिहिली होती: "फोन स्पीकर, १८०० पैकी". रोख दिले असते तर माझ्या तोंडच्या शब्दाशिवाय हातात काही नसतं. जिल्हा ग्राहक आयोगात ₹५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांत करता येते आणि ऑनलाइनही भरता येते. हे मला खिडकीवरच्या एकानेही सांगितलं नाही, भाच्याने शोधून दिलं.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायल करायच्या जागी `*#0*#` दाबलं तर तपासणीचा पडदा उघडतो, त्यात Receiver दाबून कानाचा स्पीकर वाजवून बघता येतो. रेडमीमध्ये त्यासाठी `*#*#6484#*#*` आहे. माझा फोन कुठला ते सांगत नाही. दुकानात जाण्याआधी घरी, काच काढून, हे एकदा करा. आणि दुकानात फोन त्याच्या कानाला नाही, आपल्या कानाला लावा.

तक्रार भरली आहे. पुरावा म्हणून ती पहिली काच जोडायची होती, पण ती त्याच्या काउंटरवर राहिली, गेली असेल कचऱ्यात. दुसरी आहे माझ्याकडे, डब्यांच्या हिशोबाच्या वहीत, पिठाच्या पट्टीसकट.